अडलेला धडा कधी सोडायचा? दहावीच्या भूमितीची उजळणी करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगड तालुक्यातल्या एका गावात मी दहावीच्या मुलांना संध्याकाळी गणित शिकवते. पूर्वपरीक्षेचे पेपर हातात पडले की तेच ते प्रश्न दरवर्षी येतात, कधी मुलांकडून, कधी त्यांच्या आईवडिलांकडून. बहुतेक वेळा अडलेला धडा असतो ‘वर्तुळ’, म्हणून इथली उदाहरणं त्याच धड्याची घेतली आहेत.

बाई, मी वर्तुळावर पाच संध्याकाळी घातल्या. आता सोडलं तर त्या फुकट जातील ना?

त्या पाच संध्याकाळी गेल्या आहेत. तुम्ही सहावी संध्याकाळ वर्तुळाला दिलीत तरी त्या परत येणार नाहीत आणि निर्देशक भूमितीला दिलीत तरीही नाहीत. त्यांच्यातून जे हाती लागलं ते डोक्यात आहेच, धडा मिटला म्हणून ते पुसलं जात नाही. ठरवायचं आहे ते फक्त सहाव्या संध्याकाळचं.

ऐकायला हे सोपं आहे, पण मनाला पटत नाही, कारण माणसाचा स्वभावच तसा आहे. १९८५ साली हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या अमेरिकी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ओहायो विद्यापीठातल्या नाट्यगृहाचा हंगामी पास घ्यायला आलेल्या काही जणांना त्यांनी पास पूर्ण किमतीला दिला आणि काही जणांना, कुणालाही निवडून, स्वस्तात. नाटकं तीच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे मोजलेले लोक जास्त नाटकांना गेले. पैसे तर दोघांचेही खर्च होऊन गेले होते, पण जास्त गेलेले पैसे माणसाला ओढत राहतात. उजळणीत पैशांच्या जागी संध्याकाळी असतात, एवढाच फरक.

आपल्याकडे हे समजवायला नाट्यगृहापर्यंत जावं लागत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील हापूसचे बागायतदार. मुलीने वर्तुळ बाजूला ठेवावं असं मी सुचवलं तेव्हा ते तिला म्हणाले, “इतके दिस केलंस, आता टाकून देतंस?” मी त्यांना विचारलं, की समजा एखाद्या कलमावर पाच फवारण्या झाल्या, तर सहावी करायची की नाही हे तुम्ही कशावरून ठरवता? पाच फवारण्यांचं बिल बघून? ते लगेच म्हणाले, “नाय बाई, झाडार काय हा, ताच बघूचा लागता.” झाडावर फळ किती धरलंय, ते वाचवायला आणखी किती खर्च येईल आणि बाजारात त्याचं काय मिळेल, एवढंच ते बघतात. मोहोर गळून गेलेल्या कलमावर, आधी पाच वेळा औषध मारलंय म्हणून, ते सहाव्यांदा मारत नाहीत. मुलीच्या वहीकडेही त्याच नजरेने बघा, एवढंच मी त्यांना सांगितलं.

धडा खरंच अडलाय, की नुसता हळू जातोय? कसं ओळखायचं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, कारण हळू जाणारा धडा सोडणं ही चूक आहे आणि थांबलेला धडा धरून बसणं ही दुसरी चूक. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दोन्हींत डोकं दुखतं, दोन्हींत चिडचिड होते. त्यामुळे कसं वाटतंय यावर जाऊ नका. मोजा.

मोजायची माझी पद्धत अशी. रोज अभ्यास संपवताना पुस्तक मिटायचं आणि त्या धड्यातले चार नवे प्रश्न कोऱ्या कागदावर सोडवायचे. नवे म्हणजे त्या दिवशी न बघितलेले: जुन्या प्रश्नपत्रिकेतले, संकीर्ण प्रश्नसंग्रहातले, किंवा मैत्रिणीने निवडून दिलेले. चारपैकी किती आले तो आकडा तारखेसह वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचा. सोडवलेलं उदाहरण वाचून “हो, कळलं” वाटलं तर ते धरायचं नाही. वाचताना सगळ्यांनाच कळतं.

तीन दिवसांचे आकडे झाले की चित्र दिसू लागतं. १, २, २ असेल तर धडा हळू पण चाललाय, त्याला आणखी एक-दोन संध्याकाळी द्या. १, १, १ किंवा १, २, १ असेल तर त्याच पद्धतीने चौथी संध्याकाळ घालू नका. एका दिवसाच्या आकड्यावर मात्र काही ठरवायचं नाही. पालखी घरी आली होती, रात्री वीज गेली होती, झोप झाली नव्हती, अशा एका दिवसाने आकडा सहज खाली येतो.

पण जास्त वेळ दिला की कधी ना कधी येईलच ना?

नाही, आणि हे मान्य करायला मलाही बरीच वर्षं लागली. १९८८ साली थॉमस नेल्सन आणि जेकब लिओनेसिओ यांनी असं पाहिलं, की पाठांतराच्या कामात काही विद्यार्थ्यांना “पक्कं होईपर्यंत करा” सांगितलं आणि काहींना “पटापट करा” सांगितलं, तर पहिल्यांनी वेळ कितीतरी जास्त घेतला, पण नंतरच्या परीक्षेत त्यांना त्यातून अगदी थोडा फायदा झाला, कुठे कुठे काहीच नाही. एका टप्प्यानंतर त्याच बैठकीतला जादा वेळ नुसता जिरून जातो.

पुढे २००५ मध्ये जॅनेट मेटकाफ आणि नेट कॉर्नेल यांनी थांबण्याचा नियम जवळपास बागायतदारासारखाच मांडला: किती येतंय हे बघू नका, येण्याचा वेग बघा. वेग शून्याजवळ आला की हात तिथून काढून, अजून वेग असलेल्या जागी लावायचा. वहीच्या शेवटच्या पानावरचे चार-चार प्रश्नांचे आकडे म्हणजे तोच वेग.

एखादं घडलेलं उदाहरण सांगाल?

त्याच बागायतदारांच्या मुलीचं सांगते. पूर्वपरीक्षेत तिला भूमितीत ४० पैकी २१ होते. भूमितीसाठी तिच्याकडे १२ संध्याकाळी होत्या, प्रत्येकी दीड तासाच्या, म्हणजे १८ तास. घरात आंब्याचं काम सुरू झालेलं, त्यामुळे त्याहून जास्त वेळ निघण्यासारखा नव्हता. ती वर्तुळापासून सुरू झाली, कारण त्याचीच भीती जास्त. पाच संध्याकाळी, साडेसात तास, तिथेच गेले. तिचा भर होता सिद्धतेच्या आणि तीन-चार गुणांच्या उदाहरणांवर. रोजचे आकडे होते १, १, २, १, १. हे तिने माझ्या सांगण्यावरून लिहिले होते, पण त्यांच्याकडे एकत्र बघितलं नव्हतं. सहाव्या दिवशी आम्ही दोघींनी बघितलं.

मग मी तिला विचारलं, की आज तू पहिल्यांदाच अभ्यासाला बसली असतीस, हातात सात संध्याकाळी असत्या आणि पुढ्यात असं कोरं पान असतं, तर कुठून सुरुवात केली असतीस? ती म्हणाली, “महत्त्वमापन. त्याला हातच लागला नाही.” निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमिती यांचीही उजळणी झाली नव्हती. म्हणजे तीन धड्यांचा वेळ एकट्या वर्तुळाने खाल्ला होता.

त्या संध्याकाळी तिने महत्त्वमापन घेतलं. शंकू, वृत्तचिती, शंकुछेद, वर्तुळपाकळी यांची सूत्रं एका कागदावर आणि मग उदाहरणं. सुरुवातीला चारपैकी १ आलं, दीड तासाने ३. दुसऱ्या दिवशी निर्देशक भूमिती: अंतराचं सूत्र, विभाजनाचं सूत्र, रेषेचा चढ. २ वरून ४. त्रिकोणमितीला दोन संध्याकाळी लागल्या, १ वरून २ आणि मग ३. त्रिकोणमिती हळू गेली, पण गेली. म्हणून ती दुसऱ्या दिवशी सोडली नाही. वर्तुळ आणि त्रिकोणमिती यांतला फरक तुम्हाला इथे दिसेल: सुरुवातीचा आकडा दोन्हीकडे १ होता.

उरल्या तीन संध्याकाळी. एक समरूपतेला, एक परत वर्तुळाला, आणि शेवटची पूर्ण ४० गुणांचा पेपर घड्याळ लावून सोडवायला. त्या सरावपेपरात तिला २९ मिळाले. वर्तुळाचा चार गुणांचा प्रश्न तिने त्यात सोडवलाच नाही, विकल्पातला दुसरा घेतला.

मध्येच समरूपता कुठून आली? अडलं तर वर्तुळ होतं.

कारण धडा अडतो तेव्हा अडचण पुष्कळदा त्या धड्यात नसतेच. ती मागे कुठेतरी असते, आणि आपण पुढे दार ढकलत बसतो.

या मुलीचे चुकलेले कागद मी एका शेजारी एक ठेवले. स्पर्शिका-छेदिका रेषाखंडांच्या प्रमेयाचं साधं उदाहरण घ्या. वर्तुळाबाहेरच्या E बिंदूतून एक स्पर्शिका, स्पर्शबिंदू T. त्याच E मधून एक छेदिका, ती वर्तुळाला आधी A मध्ये आणि मग B मध्ये छेदते. ET = १२, EA = ८, तर AB किती? तिने लिहिलं होतं, ८ × AB = १४४, म्हणून AB = १८. प्रमेय असं आहे:

EA × EB = ET²

म्हणजे EB = १८, आणि AB = १८ − ८ = १०. तिने पूर्ण रेषाखंड EB च्या जागी त्याचा तुकडा AB घेतला होता. एकदा नाही, अशा सहापैकी तीन उदाहरणांत. वर्तुळ येत नाही असं ती म्हणत होती, पण चूक एकच होती आणि ती पुन्हा पुन्हा होत होती.

ती चूक होण्याचं कारण असं, की हे प्रमेय तिने अक्षरं म्हणून पाठ केलं होतं. ते खरं तर त्रिकोण EAT आणि त्रिकोण ETB समरूप आहेत यातून येतं. E चा कोन दोघांत सामाईक, आणि स्पर्शिका व जीवा यांच्यातला कोन ETA हा कोन TBA एवढा. म्हणून EA : ET = ET : EB. दुसऱ्या त्रिकोणाची बाजू EB आहे हे एकदा आकृतीत दिसलं की AB लिहायची इच्छाच होत नाही. पण समरूप त्रिकोणांच्या संगत बाजू तिला नीट लावता येत नव्हत्या. हे समरूपतेचं, पहिल्या धड्याचं काम. वर्तुळावर आणखी दहा तास घातले असते तरी ते झालं नसतं.

म्हणून धडा सोडण्याआधी एकच काम करा. शेवटचे सहा-आठ चुकलेले प्रश्न समोर ठेवा आणि प्रत्येकाशेजारी चूक कुठल्या ओळीत झाली ते लिहा. चुका एकाच जातीच्या निघाल्या आणि ती जात मागच्या धड्याची असेल, तर तिकडे जाणं म्हणजे सोडणं नव्हे. चुका सगळीकडे विखुरलेल्या असतील, किंवा पहिली ओळच सुचत नसेल, तर धडा तूर्त बाजूला ठेवा.

सोडायचं म्हणजे पूर्ण सोडायचं का? पेपरात आलं तर?

पूर्ण नाही. किती सोडता येतं हे प्रश्नपत्रिकेचा आराखडा ठरवतो, आपली हौस नाही. भूमितीचा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा, पण छापलेले सगळे प्रश्न मोजलेत तर ते ६० गुणांचे भरतात. २० गुणांची सवलत विकल्पांत आहे. मात्र ती सगळीकडे सारखी वाटलेली नाही.

पहिला प्रश्न, चार बहुपर्यायी आणि चार एक-एक गुणांचे, हा ८ गुणांचा. इथे विकल्प नाही. वर्तुळातलं काहीही इथे येऊ शकतं: अंतर्लिखित कोन हा आंतरखंडित कंसाच्या निम्मा, चक्रीय चौकोनाचे संमुख कोन पूरक, बाह्य बिंदूपासूनचे स्पर्शिकाखंड एकरूप, स्पर्शवर्तुळांचा स्पर्शबिंदू केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवर. ही विधानं आणि त्यांवरची एका पायरीची उदाहरणं सोडायची मुभा कुणालाच नाही. सुदैवाने ती अडतही नाहीत.

कृती पूर्ण करायचे प्रश्न वगळले, तर दोन गुणांच्या प्रश्नांत पाचपैकी चार सोडवायचे असतात, म्हणजे तिथे एकच सोडता येतो. खरी मोकळीक पुढे आहे: तीन गुणांच्या प्रश्नांत चारपैकी दोन, चार गुणांच्या प्रश्नांत तीनपैकी दोन, आणि शेवटच्या प्रश्नात दोनपैकी एक. वर्तुळावरची लांब सिद्धता याच भागांत येते. म्हणून मी त्या मुलीला सांगितलं, की वर्तुळाचे दोन भाग कर. विधानं आणि एक-दोन गुणांचं ठेव. लांब सिद्धता बाजूला ठेव.

हेच दोन धड्यांच्या बाबतीत करायला गेलात तर गणित बिघडतं. वर्तुळाबरोबर त्रिकोणमितीचेही मोठे प्रश्न सोडले आणि चार गुणांच्या तीन प्रश्नांपैकी दोन नेमके तिथलेच आले, तर चार गुण हातचे गेलेच. एका पेपरात असा एकच धडा.

बाजूला ठेवलेल्या धड्याकडे परत कधी यायचं?

तारीख लिहूनच बाजूला ठेवायचं. “नंतर बघू” म्हणून ठेवलेला धडा दुसऱ्या धड्याच्या वेळात डोकावत राहतो. वहीत लिहा: वर्तुळ, मोठे प्रश्न, अमुक तारीख, पाऊण तास. मध्ये चार-पाच दिवस जाऊ द्या. तेवढ्या वेळात चुकीची धरलेली वाट थोडी विसरली जाते आणि नवा धागा दिसायला जागा होते, हा अनुभव कोडी सोडवणाऱ्या कुणालाही असतो.

परत आल्यावर जुने चुकलेले प्रश्न उघडू नका. चार नवे घ्या. त्या मुलीला त्या दिवशी मोठ्यांपैकी २ आले आणि छोट्यांपैकी सगळे. पाच संध्याकाळी घालून एकदाच मिळालेला आकडा पाऊण तासात मिळाला, याचं श्रेय मी समरूपतेच्या संध्याकाळला देते. तरी मोठी सिद्धता आम्ही परत उघडली नाही. दोन दिवस उरले असताना चारपैकी दोनवर भरवसा ठेवून चार गुण लावणं मला पटलं नाही.

मी उलट आहे. दहा मिनिटांत कंटाळून पुढच्या धड्यावर जातो. मग?

मग हे पान तुमच्यासाठी नाही असं समजू नका, फक्त नियमाची दुसरी बाजू वापरा. तीन आकडे लिहून झाल्याशिवाय धडा सोडायचा नाही. अवघड वाटणं ही सोडायची खूण नव्हे. मेहनत करावी लागते तेव्हाच पुष्कळदा शिकणं चाललेलं असतं. त्रिकोणमितीतली उन्नत कोन आणि अवनत कोनांची उदाहरणं पहिल्या दिवशी सगळ्यांनाच जड जातात, कारण शब्दांवरून आकृती काढावी लागते. दीपगृहावरून होडी दिसते अशी उदाहरणं तर आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांना हातची वाटली पाहिजेत, तरी अवनत कोन कुठे काढायचा इथे पहिल्या दिवशी चुकतंच. दुसऱ्या दिवशी आकडा हलतो.

मुलगा अर्धवट सोडतोय हे बघून आम्ही गप्प कसं राहायचं?

गप्प राहू नका, पण प्रश्न बदला. “इतका वेळ काय केलंस?” हा प्रश्न मुलाला गेलेल्या वेळाचा हिशेब द्यायला लावतो, आणि मग तो केवळ तुम्हाला दाखवायला त्याच धड्यावर बसून राहतो. असं बसलेलं मूल मी दरवर्षी बघते आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. त्याऐवजी वहीचं शेवटचं पान बघा आणि विचारा, “गेल्या तीन दिवसांत आकडा हलला का? उद्या काय घेणार?” भूमिती येत नसली तरी हे प्रश्न कुणालाही विचारता येतात.

आणि परीक्षेच्या हॉलमध्ये एखादं उदाहरण अडलं तर?

४० गुणांना १२० मिनिटं, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. शेवटी दहा मिनिटं तपासायला ठेवायची असतील तर त्याहून थोडी कमी. चार गुणांच्या प्रश्नाला साधारण अकरा मिनिटं. त्यातली चार मिनिटं गेली आणि आकृती, पक्ष, साध्य यांपलीकडे एकही ओळ पुढे सरकली नाही, तर विकल्पातला दुसरा घ्या. लिहिलेलं खोडू नका, पायऱ्यांनाही गुण असतात. उरलेली जागा मोकळी ठेवून पुढे चला. सगळं लिहून झाल्यावर वेळ उरलाच, तर तिथे परत यायचं.

विकल्पच नसलेल्या पहिल्या प्रश्नात मात्र काहीही कोरं सोडून उठू नका. बहुपर्यायी प्रश्नात चुकलं म्हणून गुण कापले जात नाहीत, तेव्हा चारपैकी एक अक्षर लिहूनच पान उलटा.